जुलाबांच्या माथी मारलेला ॲसिडोसिस

२०२५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. उसाचं गाळप ऐन भरात होतं आणि पुण्यातल्या जीबीएसच्या, म्हणजे गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराच्या, साथीच्या बातम्या अजून रोज येत होत्या. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून चौतीस वर्षांच्या एका बाईंना सकाळी साडेनऊच्या सुमारास कोल्हापुरात आमच्याकडे आणलं. नवरा आणि दीर दोघांनी उचलूनच आत आणलं. नवरा सांगत होता, "काल राती स्वतः चालत आली डॉक्टर, आन् सकाळी उठायच येईना. हातबी उचलंना झालाय." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चार दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, दोन दिवस, दिवसाला पाच-सहा वेळा. मग थांबले. जुलाबानंतर हातपाय गळाले म्हटल्यावर त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात एकच नाव आलं असतं. गावातून आलेल्या चिठ्ठीवरही तेच लिहिलं होतं : 'जीबीएस?'

तपासणीत चारही हातापायांची ताकद गेलेली होती, मांड्या-खांद्यांकडे जास्त. प्रतिक्षेप मंद होते, पण पूर्ण गेले नव्हते. संवेदना शाबूत, मुंग्या नाहीत. मी त्यांना एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोजायला सांगितले. ताकदीच्या माणसाचे वीस-पंचवीसच्या पुढे सहज जातात. बाई अकरावर थांबल्या. हा अकरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ईसीजी काढताना पोटॅशियमची शंका आली. एसटी खाली गेलेला, टी चपटा आणि त्याच्यामागे ठळक यू लहर. रक्त प्रयोगशाळेत जाईपर्यंत मनगटातल्या धमनीतून एबीजी, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्ल-अल्क मोजायचा नमुना, घेतला. वीस मिनिटांत आकडे हातात होते.

पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साईडचा दाब ३० मिमी, बायकार्बोनेट ११. सोडियम १३९, क्लोराईड ११६, पोटॅशियम १.८. क्रिएटिनिन १.१, साखर १०४, लॅक्टेट १.२.

पोटॅशियम १.८ म्हटल्यावर जीबीएस मागे पडला. हा हायपोकॅलेमिक पॅरॅलिसिस होता, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम घटल्याने आलेला लुळेपणा. आपल्याकडे हे दृश्य नवीन नाही. थायरॉईड वाढलेला तरुण किंवा घराण्यात आजार असलेला मुलगा लग्नात जेवून झोपतो आणि सकाळी उठत नाही. पण त्या दोघांत रक्ताचं आम्ल-अल्क संतुलन साधारण जागेवर असतं, कारण तिथे पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलं नसतं, पेशींत लपलेलं असतं. इथे पीएच ७.१८ होता, रक्त आम्लाकडे पार झुकलेलं. म्हणजे पोटॅशियम कुठूनतरी बाहेर जात होतं आणि त्याच्याबरोबर अल्कही जात होतं, किंवा आम्ल आत साठत होतं.

रक्ताचा ॲनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्बोनेट वजा जाता उरणारा आकडा, काढायला कागद लागत नाही. १३९ मधून ११६ आणि ११ वजा केले, १२ उरले. अल्ब्युमिन नंतर ३.६ आलं, त्याची दुरुस्ती केली तरी १३च्या आसपास. म्हणजे लॅक्टिक ॲसिडोसिस, मधुमेहातला किटोॲसिडोसिस, युरेमिया, मिथेनॉलसारखी विषं, ज्यांत एखादं परकं आम्ल रक्तात येऊन गॅप वाढवतं, ती सगळी मंडळी एका वजाबाकीत बाजूला झाली. उरला नॉर्मल गॅपचा, क्लोराईड वाढलेला मेटाबॉलिक ॲसिडोसिस.

आणि त्याचं सर्वांत मोठं कारण तर समोरच होतं : जुलाब. आतड्यातून बायकार्बोनेट, म्हणजे अल्क, जातं, पोटॅशियमही जातं, क्लोराईड वाढतं. आमच्या रेसिडेंटने केसपेपरवर लिहूनही टाकलं, 'अतिसारामुळे हायपरक्लोरेमिक ॲसिडोसिस व हायपोकॅलेमिया', आणि सिस्टरला सोडा-बायकार्बच्या अँप्युल भरायला सांगितल्या. पीएच ७.१८ला बायकार्ब द्यावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मीही पहिल्या दोन वर्षांत दिलं असतं.

श्वासाच्या मोजणीतला तो अकरा आकडा इथे कामाला आला. बायकार्बोनेट ११ असताना निरोगी फुप्फुसं कार्बन डायऑक्साईड किती खाली आणतील, याचा विंटर्सचा हिशोब सोपा आहे : बायकार्बोनेटची दीडपट अधिक ८. म्हणजे २४.५, दोनने कमी-जास्त. बाईंचा होता ३०. एरवी ३० हा आकडा पाहून कुणीही म्हणेल, श्वास जोरात चाललाय, भरपाई होतेय. पण भरपाई पुरी नव्हती. श्वासाचे स्नायूही पोटॅशियमअभावी दमायला लागले होते. रक्तात ऑक्सिजन छान होता, चेहरा शांत होता, आणि हीच फसवी शांतता असते. श्वास मंदावलेला माणूस धापा टाकत नाही.

अशा वेळी बायकार्ब दिलं की पीएच वर जाते आणि उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत शिरतं. १.८चं १.५ होतं, आणि अकरापर्यंत मोजणाऱ्या बाई पाचपर्यंतही मोजू शकत नाहीत. म्हणून क्रम ठरलेला : आधी पोटॅशियम, मग अल्क. अँप्युल बाजूला ठेवल्या. मोठ्या शिरेत लाईन घालून, मॉनिटर लावून, साध्या सलाईनमधून तासाला २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराईड सुरू केलं. हाताच्या साध्या शिरेतून तासाला दहाच्या वर जाऊ नये. डेक्स्ट्रोज असलेली बाटली अजिबात नाही.

डेक्स्ट्रोजवरून आठवलं. नवऱ्याला पुन्हा खोदून विचारलं तेव्हा आदल्या संध्याकाळचा हिशोब लागला. शेजारच्या गुऱ्हाळावर बाईंनी दोन मोठे ग्लास उसाचा रस घेतला होता. रात्री अशक्त वाटलं म्हणून गावात डीएनएसच्या, म्हणजे डेक्स्ट्रोज घातलेल्या सलाईनच्या, दोन बाटल्या लावल्या. दोन्हींचा परिणाम एकच : साखर, तिच्यामागे इन्सुलिन, आणि इन्सुलिनने पोटॅशियम पेशींत ढकललं. आधीच कमी असलेलं पोटॅशियम रातोरात तळाला गेलं. अशक्त माणसाला बाटली लावणं ही आपल्याकडची इतकी रुजलेली सवय आहे की ती लावणाऱ्यालाही यात दोष देववत नाही.

पोटॅशियम सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र आम्ही हट्टाने केली. कॅथेटरमधून लघवीचा ताजा नमुना घेतला आणि त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड, क्रिएटिनिन आणि पीएच मागितलं. औषध सुरू झालं की हे आकडे बदलतात आणि मग कितीही हुशारी केली तरी मूळ चित्र परत मिळत नाही. लघवीतलं क्लोराईड सगळ्या लॅबच्या यादीत नसतं. फोन करून सांगावं लागतं. नमुना दोन तास तसाच टेबलावर राहिला तर त्यातला कार्बन डायऑक्साईड उडतो आणि पीएच खोटी वाढते, म्हणून वॉर्डबॉयला हातात बाटली देऊन लगेच पाठवलं.

आकडे आले : सोडियम ४६, पोटॅशियम ३२, क्लोराईड ५२, पीएच ६.८.

युरिन ॲनायन गॅप म्हणजे लघवीतलं सोडियम अधिक पोटॅशियम, वजा क्लोराईड. इथे ४६ अधिक ३२ म्हणजे ७८. त्यातून ५२ गेले, उरले अधिक २६.

हा आकडा नेमकं काय सांगतो ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर तो नुसता पाठांतराचा विषय होतो. शरीरात आम्ल साचलं की मूत्रपिंड ते मुख्यतः अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतं. अमोनियमवर धन भार असतो, त्यामुळे तो एकटा जात नाही. सोबत क्लोराईड घेऊन जातो. लॅब अमोनियम मोजत नाही, पण क्लोराईड मोजते. तेव्हा लघवीत सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेपेक्षा क्लोराईड जास्त निघालं, गॅप उणे आला, तर ते जादा क्लोराईड कुणाच्या तरी सोबतीला आलंय, आणि तो कुणीतरी अमोनियम आहे. मूत्रपिंड आपलं काम करतंय, दोष दुसरीकडे आहे. गॅप अधिक आला तर अमोनियम पुरेसा जात नाही. रक्तात इतकं आम्ल असूनही मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही, म्हणजे दोष तिथेच. डॅनियल बॅटल आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली हे मोजून दाखवलं तेव्हा अतिसाराच्या रुग्णांत सरासरी गॅप उणे २०च्या आसपास होता आणि डिस्टल आरटीएमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या नळीच्या शेवटच्या भागातल्या दोषाने होणाऱ्या रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिसमध्ये, अधिक २०च्या पुढे.

योगायोगाने त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवर जुलाबाचेच एक आजोबा होते, म्हणून तुलना पाहायला मिळाली. त्यांची पीएच ७.२७, बायकार्बोनेट १३, रक्तातला गॅप ११, पोटॅशियम २.८. कागदावर पाहिलं तर बाईंचाच सौम्य अवतार. त्यांच्या लघवीत, सलाईन दिल्यानंतर, सोडियम ३८, पोटॅशियम १४, क्लोराईड ८४. गॅप उणे ३२. गंमत म्हणजे त्यांच्या लघवीचा पीएच होता ६.२. रक्तात आम्ल असताना लघवी ५.३च्या खाली उतरली पाहिजे, नाही उतरली तर आरटीए, असं आपण शिकतो. त्या नियमाने आजोबांनाही आरटीए चिकटवला असता. पण पोटॅशियम कमी असलं की मूत्रपिंड अमोनिया भरपूर बनवतं. तो अमोनिया लघवीतले हायड्रोजन आयन टिपून घेतो, त्यामुळे आम्ल भरपूर बाहेर जाऊनही पीएच सहाच्या वर राहते. म्हणजे जुलाबाच्या रुग्णात नुसती पीएच फसवते. गॅप तितका फसवत नाही. या दोन खाटा शेजारी नसत्या तर हे मला इतकं ठाम सांगता आलं नसतं.

बाईंच्या लघवीतलं पोटॅशियमही बोलत होतं. रक्तात १.८ असताना मूत्रपिंडाने ते घट्ट धरून ठेवायला हवं, आजोबांच्या मूत्रपिंडाने धरलंच होतं. इथे ३२ वाहून जात होतं. क्रिएटिनिनशी तुलना केली तर दर ग्रॅममागे सुमारे ७०. मूत्रपिंडातून गळती नसेल तर हा आकडा १३च्या खाली असतो. चार दिवसांपूर्वीचे जुलाब हे कारण नव्हतं, फार तर शेवटची काडी होती.

तरीही अधिक २६ पाहून लगेच शिक्का मारू नये. आधी लघवीतलं सोडियम पाहायचं. ते २०-२५च्या खाली असेल तर शरीर इतकं कोरडं आहे की नळीच्या शेवटच्या भागापर्यंत सोडियम पोचतच नाही, आणि ते पोचल्याशिवाय तिथून आम्ल बाहेर पडत नाही. असा जुलाबाचा रुग्णही अधिक गॅप दाखवू शकतो. पाणी भरून काढायचं आणि परत मोजायचं. बाईंचं सोडियम ४६ होतं, ती अडचण नव्हती. दुसरं, लघवीत एखादा न मोजलेला ऋण आयन जात असेल तर अमोनियम त्याच्या सोबतीने जातो, क्लोराईड मागे राहतं, आणि गॅप खोटा अधिक येतो. किटोॲसिडोसिसमध्ये किटोन हेच करतात, म्हणून रक्तातला गॅप वाढलेला असेल तिथे हे साधन काढूच नये. टोल्युइनचंही तसंच. थिनर आणि चिकटवण्याच्या सोल्युशनमधलं टोल्युइन शरीरात हिप्युरेट होतं आणि लघवीतून झपाट्याने निघून जातं. रक्तातला गॅप नॉर्मल, पोटॅशियम खाली, हातपाय गळालेले. चित्र डिस्टल आरटीएसारखंच दिसतं. नवरा शिरोलीला फौंड्रीत कामाला होता, म्हणून विचारलं. "थिनर-बिनर घरात काय न्हाई बघा, ती तर शेतात असतीया दिवसभर." शंका राहिलीच असती तर लघवीचा ऑस्मोलल गॅप काढला असता, त्याला अमोनियम कुठल्या आयनासोबत जातोय याचं सोयरसुतक नसतं. आणि तिसरं, पीएच ६.८ला लघवीत थोडं बायकार्बोनेटही जातं, अंदाजे सहा-सात, आणि तेही गॅप वर ढकलतं. तेवढं वजा केलं तरी गॅप विसाच्या आसपास उरत होता.

आता मूत्रपिंडातच दोष आहे तर कुठल्या भागात? पोटॅशियम खाली असल्याने चौथ्या प्रकारचा आरटीए बाद झाला. तो बहुधा उतारवयातल्या मधुमेह्यांचा, आणि त्यात पोटॅशियम वाढतं. प्रॉक्सिमल, म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या दोषाच्या, प्रकारात बायकार्बोनेट सहसा ११पर्यंत पडत नाही. एका पातळीला येऊन थांबतं, आणि तिथे लघवी पुन्हा आम्लधर्मी होऊ शकते. शिवाय त्यात अनेकदा रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर आणि फॉस्फेट जातं. बाईंच्या लघवीत साखर नव्हती. उरला डिस्टल, म्हणजे नळीचा शेवटचा भाग हायड्रोजन आयन बाहेर ढकलू शकत नाही. आम्ल पाजून करायची चाचणी लागली नाही. शरीराने ती ७.१८वर स्वतःच करून ठेवली होती.

पण चौतीसाव्या वर्षी हा कशाने झाला? इथे माझी एक चूक सांगायला हवी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कागदांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली होती आणि मी ती दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. त्यात मुतखड्यासाठी दोनदा झालेल्या उपचारांची कागदपत्रं होती आणि तीन वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. दोन्ही मूत्रपिंडांच्या आतल्या भागात चुना साचल्याचं, मेड्युलरी नेफ्रोकॅल्सिनोसिस असल्याचं, त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. खडा निघाला, रिपोर्ट पिशवीत गेला. साचलेल्या आम्लाला तोंड देताना हाडांतलं कॅल्शियम सुटतं, लघवीतलं सायट्रेट घटतं, आणि अल्कधर्मी लघवीत कॅल्शियम फॉस्फेट जमतं. दोन्ही बाजूंना असं दिसलं की डिस्टल आरटीए विचारात घ्यायलाच हवा.

पिशवी उघडल्यावर मी बाईंशी निवांत बोललो, कारण तोवर त्यांचा हात उशीपर्यंत जात होता. पुढचे दात बरेचसे किडून गेले होते. "तंबाखू-मिश्री?" विचारलं, तर नाही. सासूबाईच मध्ये बोलल्या, "हिला ठेचा लावून घ्यायच येत न्हाई, तोंड जळतंय म्हणती. भाकरी आमटीत चुरल्याबिगार घास उतरत न्हाई, आन् पान्याचा तांब्या शेजारी लागतोयच." कोल्हापुरात सून ठेचा खात नाही हे घरात कौतुकाचं नव्हे, थट्टेचं निमित्त झालं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं तेही पाच-सहा वर्षं. खालच्या पापणीत शिर्मरची कागदी पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती तीन मिलिमीटर भिजली. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे अश्रू आटलेले. एकूण प्रथिनं ८.९ होती, म्हणजे ग्लोब्युलिन वाढलेलं. एएनए आणि एसएसए प्रतिपिंडं पॉझिटिव्ह आली. श्योग्रेन सिंड्रोम. लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींना त्रास देणारीच प्रतिकारशक्ती मूत्रपिंडाच्या नळ्यांनाही छळत होती.

पोटॅशियम सहा तासांनी २.३, दुसऱ्या दिवशी सकाळी ३.१ झालं. मोजणी अकरावरून सव्वीसवर गेली. त्यानंतरच अल्क सुरू केलं, तेही तोंडावाटे : पोटॅशियम सायट्रेटचं औषध, ज्याच्या एका मिलिलिटरमध्ये २ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि सोबत सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या. वजन ४६ किलो, दर किलोला दिवसाला दीड मिलिइक्विव्हॅलंट अल्क धरलं, म्हणजे ७०च्या आसपास. एवढ्यावर रक्त सुधारलं हाही निदानाचा एक पुरावा; प्रॉक्सिमल आरटीए असता तर याच्या सात-आठपट देऊनही ते लघवीवाटे वाहून गेलं असतं. श्योग्रेनसाठी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं.

तीन आठवड्यांनी बाई एसटीने, स्वतः चालत आल्या. पीएच ७.३७, बायकार्बोनेट २१, पोटॅशियम ३.९. मात्र गोळ्या आठवड्यापूर्वी निम्म्या केल्या होत्या. गावातल्या औषध दुकानदाराने पाकीट पाहून सांगितलं होतं, "ही सोडामिंट हाय, पित्ताची गोळी. पित्त न्हाई तर कशाला खातीयास?" त्याचंही बरोबरच, आयुष्यभर त्याने ती पित्तासाठीच विकली. मी त्यांच्या कार्डावर डोसच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'पित्तासाठी नाही. बंद केल्यास पुन्हा हातपाय गळतील.' आणि खाली माझा नंबर, त्या दुकानदारासाठी.